क्रश म्हणतो ‘आजचा दिवस बेकार गेला’: जोक दुष्काळावर नको, तेराव्या महिन्यावर

आजचा विषय एका मेसेजएवढा आहे. रात्रीचे साडेनऊ वाजलेत, जेवण झालंय, आणि जो तुम्हाला मनापासून आवडतो (किंवा आवडते, पुढे सगळीकडे तसंच समजा) त्याचा मेसेज येतो, ‘आजचा दिवस बेकार गेला यार.’ पुढे काहीच नाही. आणि आपण अंगठा कीबोर्डवर धरून बसलेलो.

या क्षणी बहुतेकांच्या डोक्यात दोनपैकी एक जण जागा होतो. पहिला असतो मेकॅनिक. त्याला लगेच बॉनेट उघडायचं असतं. ‘काय झालं? कोण बोललं? मग तू असं कर, उद्या सकाळी आधी मेल टाक, आणि नाही ऐकलं तर सरळ सोडून दे.’ दुसरा असतो विदूषक. तो काय झालं ते ऐकायच्या आधीच तीन मीम आणि दोन रील पाठवून मोकळा होतो. दोघांचाही हेतू चांगला असतो. पण दोघंही ज्याचा दिवस खराब गेलाय त्याच्या डोक्यावर नवीन काम टाकतात. मेकॅनिकला उत्तरं द्यावी लागतात, विदूषकाला हसून दाखवावं लागतं.

तर यातून मधली वाट कशी काढायची, हे मला एका खऱ्या चॅटवरून सांगायचंय. चॅट माझ्या मावसबहिणीचं आहे. ती एम.कॉम. करते. तिला आवडणारा मुलगा पुण्यात सीएची आर्टिकलशिप करतो. तिने मला ते वाचून दाखवलं आणि ‘ताई, एपिसोडमध्ये घे, फक्त ओळखू येऊ देऊ नकोस’ असं बजावलं. त्यामुळे नावं नाहीत आणि दोन-चार तपशील मी मुद्दाम फिरवलेत.

मेसेज आला रात्री ९.४० ला. बहिणीने आधी एक लांबलचक उत्तर टाइप केलं, मग पुसलं, आणि हे पाठवलं:

‘अरेरे. किती बेकार? “मेसमध्ये परत दुधी” एवढा, की “फोन बंद करून झोपतो” एवढा?’

मला हा मेसेज फार आवडला. का, ते सांगते. ‘काय झालं?’ विचारलं की समोरच्याला सगळी कहाणी पहिल्यापासून सांगायला बसावं लागतं, आणि थकलेल्या माणसाला ते नको असतं. ‘ठीक आहेस ना?’ विचारलं की तो ‘हो’ म्हणतो आणि विषय संपतो. इथे तिने एक पट्टी दिली. एका टोकाला दुधी, दुसऱ्या टोकाला फोन बंद. तो एका शब्दात उत्तर देऊ शकतो, हवं तर बोलू शकतो, नको तर झोपू शकतो. हसू आणणारा भाग आहे, पण तो त्याच्या दुःखावर नाही, दुधीवर आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिला माहिती मिळणार आहे की आज विनोद चालणार आहे का नाही. समजा त्याने ‘फोन बंदवालाच’ असं लिहिलं असतं, तर पुढचं सगळं चॅट वेगळं झालं असतं. त्याच्याकडे मी शेवटी येते.

त्याचं उत्तर आलं: ‘दुधी तर होताच. त्याच्यावर अजून चार मजले.’

बघा, तो स्वतःच तिच्या गमतीत एक वीट रचून गेला. ही खूण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग त्याने सांगितलं. एका क्लायंटच्या गोडाऊनमध्ये स्टॉक ऑडिटला गेले होते. शीटमधली बेरीज जुळत नव्हती. सीनियरने क्लायंटच्या अकाउंटंटसमोर याला झापलं, ‘एवढंही जमत नाही का’ म्हणून. ती शीट याने केलेलीच नव्हती, दुसऱ्या आर्टिकलने केली होती. पण तिथे बोलता आलं नाही. परत येताना पाऊस. रिक्षा मिळेना. बूट-मोजे चिंब. मेसवर पोचला तर पोळ्या संपलेल्या आणि समोर दुधी.

आता इथे थांबून त्या दिवसाकडे नीट बघा. आपल्याकडे म्हण आहे ना, दुष्काळात तेरावा महिना. वाईट दिवस बहुतेक वेळा असाच असतो. त्यात एक दुष्काळ असतो, आणि मग वरून तेरावा महिना. इथे दुष्काळ म्हणजे चारचौघांत, न केलेल्या चुकीसाठी झालेला अपमान. तेरावा महिना म्हणजे पाऊस, रिक्षा, मोजे, पोळ्या, दुधी. दुष्काळ खरंच लागलेला असतो. तेरावा महिना नुसताच वैतागवाणा असतो.

आणि माझं आजचं सगळं म्हणणं एवढंच आहे: जोक करायचा तर तेराव्या महिन्यावर करायचा. दुष्काळाला हात लावायचा नाही. दुष्काळाला द्यायचं एक साधं, सरळ वाक्य, आणि थोडी जागा.

हे मी हवेत बोलत नाहीये. अमेरिकेत पीटर मॅकग्रॉ आणि केलब वॉरन नावाचे दोन अभ्यासक आहेत. त्यांनी २०१० मध्ये विनोदाबद्दल एक साधी मांडणी केली. त्यांचं म्हणणं, आपल्याला हसू तेव्हा येतं जेव्हा काहीतरी बिघडलेलं असतं, पण त्याच वेळी ते निरुपद्रवीही वाटतं. नुसतंच बिघडलेलं असेल तर राग येतो किंवा रडू येतं. नुसतंच निरुपद्रवी असेल तर कंटाळा येतो. मग २०१२ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर अंतराचा अभ्यास केला, आणि तो आपल्या फार कामाचा आहे. मोठ्या, गंभीर गोष्टी हसण्यासारख्या व्हायला मध्ये अंतर जावं लागतं. वेळेचं म्हणा, नात्याचं म्हणा. पण छोट्या फजितीचं उलटं आहे. ती ताजी असतानाच जास्त गमतीची वाटते, आणि जुनी झाली की तिच्यात काही उरत नाही.

आपल्या केसला लावून बघा. ओल्या मोज्यांची गंमत आज रात्रीच आहे. पुढच्या महिन्यात कुणी ‘त्या दिवशी माझे मोजे भिजले होते’ सांगू लागला तर आपण ‘बरं मग?’ म्हणू. सीनियरने झापलं ते मात्र पुढच्या वर्षी आर्टिकलशिप संपताना तो स्वतःच मित्रांना नक्कल करून सांगेल आणि सगळे पोट धरून हसतील. पण आज नाही. आज ती जखम आहे, आणि तिच्यावरचा सगळ्यात भारी जोकसुद्धा मीठच ठरणार.

बहिणीने काय केलं? आधी दुष्काळ. तिने लिहिलं: ‘क्लायंटसमोर? आणि शीट तुझी नसताना? ते लागतंच रे.’

बस्स. याच्यात सल्ला नाही. ‘पण सरांचाही ताण असेल’ नाही. ‘सोड ना, एवढं काय’ तर अजिबातच नाही. तिने फक्त दोन गोष्टी नेमक्या उचलल्या, क्लायंटसमोर आणि शीट तुझी नसताना. म्हणजे मी वाचलं, आणि नेमकं कुठे दुखलं ते मला कळलं. सहानुभूती म्हणून आपण जे मोघम लिहितो ना, ‘वाईट वाटलं ऐकून, सगळं ठीक होईल’, त्यापेक्षा त्याच्याच कहाणीतले दोन शब्द परत दिलेले जास्त जवळचे वाटतात.

आणि मग ती थांबली. दोन-तीन मिनिटं ‘टायपिंग’ दिसत होतं, जात होतं, परत दिसत होतं. हा काळ भयंकर असतो, मला मान्य आहे. काहीतरी मजेशीर टाकून ती शांतता भरून काढावीशी वाटते. पण समोरचा लिहीत असताना टाकलेला जोक म्हणजे बोलणाऱ्याला मध्येच तोडणं. त्याने आणखी एक लांब मेसेज केला, सीनियरबद्दलच. ती म्हणाली, ‘हम्म. तिथल्या तिथे बोलताही येत नाही, हेच जास्त डोक्यात जातं.’ मग त्याचा आला, ‘हो ना. असो. मोजे अजून ओलेच आहेत बाय द वे.’

ऐकलंत? ‘असो’ म्हणून त्याने स्वतः दुष्काळाचं दार ओढून घेतलं आणि तेराव्या महिन्याचं उघडलं. आता विनोदाला आमंत्रण आहे. तिने एक पुणेरी पाटी टाइप करून पाठवली:

‘सूचना: येथे मोजे वाळत घातले आहेत. ते ओले आहेत हे आम्हालाही दिसते. चौकशी करून अपमान करून घेऊ नये.’

त्याचं उत्तर: ‘दुपारी १ ते ४ मोजे वाळण्याचे काम बंद राहील.’

झालं. तिथून पुढे दहा मिनिटं दोघं पाट्या लिहीत होते. दुधीसाठी एक, न मिळालेल्या रिक्षासाठी एक. मी त्या सगळ्या वाचणार नाही, त्यातल्या निम्म्या त्या दोघांनाच कळतील. ते तसंच असायला हवं म्हणा.

या पाटीत काय काय नाहीये ते बघा. तिने त्याची खेचलेली नाही. मराठीत आपल्याकडे यासाठी वेगवेगळे शब्द आहेत हे किती छान आहे. थट्टा वेगळी, टिंगल वेगळी, आणि टोमणा तर फारच वेगळा. एरवी मित्रांत आपण बिनधास्त टिंगल करतो, ‘तुला बेरीज कधी जमलीये’ वगैरे. चांगल्या दिवशी त्याला प्रेमच म्हणतात. पण ज्या माणसाला आजच ‘एवढंही जमत नाही का’ ऐकवलंय, त्याला बेरजेवरून चिडवलं तर तो सीनियरचाच दुसरा भाग वाटणार. म्हणून आजच्या जोकचा निशाणा मोज्यांवर, पावसावर, दुधीवर. फार तर स्वतःवर.

स्वतःवर विनोद करताना मात्र एक खड्डा आहे. ‘तुझं काहीच नाही, माझं ऐक, माझ्या इंटर्नशिपमध्ये तर...’ असं सुरू झालं की ती गंमत राहत नाही, वाईट दिवसांची स्पर्धा होते. आणि या स्पर्धेत तुम्ही जिंकलात तरी हरलात. स्वतःची फजिती सांगायचीच तर एका ओळीत सांगा आणि चेंडू लगेच परत द्या.

आता टोमण्याबद्दल, कारण मेसेजमध्ये हाच सगळ्यात जास्त फसतो. समजा तिने लिहिलं असतं, ‘वा, सरांनी भारीच सन्मान केला की तुझा.’ मनात आवाज ऐकून वाचलं तर हे त्याच्या बाजूचं आहे. पण आवाज काढून टाका आणि नुसती अक्षरं वाचा. झोंबतं ना? २००५ मध्ये जस्टिन क्रूगर, निकोलस एपली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासलं होतं, तेव्हा ईमेलवर. लिहिणाऱ्यांना खात्री होती की आपण उपरोधाने बोलतोय हे समोरच्याला कळेल. प्रत्यक्षात वाचणाऱ्यांचे अंदाज छापा-काटा करण्यापेक्षा फार पुढे गेले नाहीत. तीच वाक्यं आवाजात ऐकवली तेव्हा मात्र बहुतेकांना बरोबर कळलं. कारण लिहिताना आपल्याला आपला स्वर मनात ऐकू येत असतो, आणि समोरच्यालाही तो ऐकू येतोय असं आपण धरून चालतो.

म्हणून तिरकस बोलणं हीच तुमची खासियत असेल तर ते टाइप करू नका, व्हॉइस नोट करा. दहा-पंधरा सेकंदांची पुरे. दोन मिनिटांची व्हॉइस नोट म्हणजे परत गृहपाठ. आणि हो, रात्री त्याच्याबरोबर रूममेट असतात, इअरफोन शोधायला लागतात, तेव्हा त्याने लगेच ऐकली नाही तर ‘ऐकलंस का?’ विचारू नका.

जोक लागू पडला की नाही हे कसं ओळखायचं? ‘हाहा’ किंवा हसरा इमोजी मोजू नका. तो सौजन्याचाही असतो. मी दोन गोष्टी बघते. एक, समोरचा त्यात भर घालतोय का. ‘चार मजले’, ‘दुपारी १ ते ४’, ही भर आहे. भर घालणारा माणूस खेळतोय. दुसरं, उत्तराची लांबी. आत्तापर्यंत तीन-तीन ओळी लिहिणारा अचानक ‘हम्म’, ‘हो’, ‘जाऊ दे’ वर आला, तर शेवटचा जोक चुकीच्या जागी पडलाय. मग दुसरा, अजून भारी जोक टाकून तो भरून काढायला जाऊ नका. आणि ‘सॉरी सॉरी, मला तसं म्हणायचं नव्हतं, मी किती वाईट आहे’ असा परिच्छेदही लिहू नका. त्याने होतं काय, की ज्याचा दिवस खराब गेला तोच तुमची समजूत काढत बसतो. एक साधी ओळ पुरते: ‘गंमत बाजूला. त्या शीटचं अजून डोक्यात आहे का?’ परत दुष्काळाकडे जा, आणि ऐका.

बरं, मग मेकॅनिकचं काय? सल्ला कधीच द्यायचा नाही का? द्यायचा की. मागितला तर. या चॅटमध्येही तो क्षण आला. साडेदहाच्या सुमारास त्याने विचारलं, ‘उद्या सरांना सांगू का, की शीट माझी नव्हती?’ बहीण एम.कॉम.वाली. तिच्याकडे या विषयावर निबंध तयार होता. तिने विचारलं, ‘तुला मत हवंय, की मोठ्याने विचार करतोयस?’ तो म्हणाला, ‘मोठ्याने विचार.’ मग ती म्हणाली, ‘कर. मी आहे.’ आणि पुढच्या चार मेसेजमध्ये त्याने स्वतःच ठरवलं की दुसऱ्या आर्टिकलचं नाव न घेता सांगायचं, आणि क्लायंटसमोर नाही तर ऑफिसात. माझ्या मते हा निर्णय तिच्या निबंधापेक्षा चांगला होता. त्याचं ऑफिस त्यालाच माहीत. आपल्याला चॅटमधून त्या सीनियरचं एक वाक्य कळतं, त्याला त्या माणसाबरोबरचे कित्येक महिने माहीत असतात.

आता क्रश असण्याचा भाग. मित्राला हसवताना आपण निवांत असतो. क्रशला हसवताना मनात एक छुपा हिशेब चालू असतो, की तो हसला म्हणजे मी खास, त्याने मलाच सांगितलं म्हणजे काहीतरी आहे. असेलही. पण त्या रात्री तो हिशेब मांडायचा नाही. ‘बघ, मीच तुला हसवू शकते’ हे वाक्य कितीही गोड वाटलं तरी ते बिल आहे, आणि खचलेल्या माणसाच्या हातात बिल ठेवू नये. प्रपोज वगैरे तर दूरच. मऊ झालेल्या क्षणी मिळालेला होकार दुसऱ्या दिवशी दोघांनाही अवघड जातो.

आणि चॅट कुठे संपवायचं हेसुद्धा येतं त्यात. छान चाललंय म्हणून रात्री एकपर्यंत ओढायचा मोह होतो. बहिणीने १०.५० ला लिहिलं, ‘चल, झोप आता. मोज्यांना माझा नमस्कार. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.’ हे शेवटचं वाक्य मला सोन्यासारखं वाटतं. त्याला उत्तराच्या जबाबदारीतून मोकळं केलं.

आता राहिला ‘फोन बंदवाला’ दिवस. घरात कुणी गेलंय, कुणी आजारी आहे, कुणी त्रास दिलाय, नापास झालाय, तर तिथे तेरावा महिना शोधत बसू नका. तिथे आख्खा दुष्काळच असतो. ‘मी आहे. बोलावंसं वाटलं तर फोन कर, नाहीतर उद्या मी करते’ एवढं बास. आणि कुणी ‘जगावंसंच वाटत नाही’ असं गमतीत जरी लिहिलं, तरी ते गमतीत घेऊ नका. मेसेज थांबवा, फोन लावा, सरळ शब्दांत विचारा की जीव द्यायचा विचार मनात येतोय का. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. त्याच्या घरच्या किंवा रूमवरच्या माणसाला कळवा. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६. फुकट आहे, चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं. तो नंबर तुम्ही स्वतः लावूनही विचारू शकता, की माझ्या मित्राचं असं असं आहे, मी काय करू.

दुसऱ्या दिवशी काय करायचं, हाही प्रश्न तुमच्यातल्या पुष्कळ जणांचा असतो. सकाळी सकाळी ‘आता कसं वाटतंय?’ विचारलं तर माणूस नुकताच विसरलेला असतो आणि आपण आठवण करून देतो. काहीच विचारलं नाही तर कालची आपुलकी खोटी वाटते. बहिणीने दुपारी जेवणाच्या सुट्टीत एवढंच पाठवलं: ‘मोजे वाळले का?’

याला तो दोन्ही प्रकारे उत्तर देऊ शकतो. सीनियरबद्दल बोलायचं असेल तर दार उघडं आहे, नसेल तर विषय मोज्यांचाच आहे. त्याचं उत्तर आलं, ‘एक वाळला. दुसऱ्याचं क्लायंटकडून कन्फर्मेशन बाकी आहे.’ आणि पाठोपाठ, ‘सरांशी बोललो. सांगतो संध्याकाळी.’

संध्याकाळी त्याने काय सांगितलं ते तिला माहीत आहे, मला नाही. मी विचारलं तर म्हणाली, ‘ताई, तुझा एपिसोड इथपर्यंतच.’ चला, भेटू पुढच्या शुक्रवारी.